मंदावणं जमतं, पण खाणं थांबत नाही: साधं पाणी, जड पाणी आणि न्यूट्रॉनचा हिशेब

प्रश्न: "मी काणकोणला हायर सेकंडरीत भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांना घेऊन पोळेंच्या पलीकडे कारवारला गेलो होतो, तेव्हा कैगाच्या अणुभट्टीचा विषय निघाला. पुस्तकात लिहिलंय की न्यूट्रॉनला सगळ्यात लवकर हायड्रोजन मंद करतो. मग एका मुलाने विचारलं, 'टीचर, जे जास्त चांगलं मंद करतं तेच पाणी नैसर्गिक युरेनियमला का चालत नाही? महागडं जड पाणी कशाला?' मला त्याला समाधान होईल असं सांगता आलं नाही. हिशेब करून दाखवता येईल का?"

उत्तर:

येईल, आणि बारावीच्या मुलांना झेपेल इतक्या साध्या गुणाकार-भागाकारात येईल. मी बरीच वर्षं जड पाण्याच्या भट्ट्यांच्या रिअॅक्टर फिजिक्सचं काम केलं, आता मडगावला असतो. नवीन येणाऱ्या इंजिनिअरांना आम्ही पहिल्या आठवड्यात हाच हिशेब करायला लावायचो.

मुलाच्या पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे. हायड्रोजन मंदावण्यात सरस आहेच. पण मॉडरेटरला दोन कामं करावी लागतात: न्यूट्रॉनला मंद करायचं आणि तो मंद झाल्यावर स्वतः गिळायचा नाही. दुसऱ्या कामात हायड्रोजन नापास होतो. जड पाण्यात त्याच्या जागी ड्यूटेरियम हा त्याचाच जड भाऊ असतो, तो पास होतो. समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं युरेनियम असेल तर ही खोड खपून जाते. नैसर्गिक युरेनियमकडे तेवढी शिल्लकच नसते, म्हणून खपत नाही. ही शिल्लक किती, तेच आधी काढू.

नैसर्गिक युरेनियमच्या १००० अणूंत साधारण ७.२ अणू युरेनियम-२३५ चे असतात, बाकीचे जवळजवळ ९९३ युरेनियम-२३८ चे. मंद न्यूट्रॉनसाठी प्रत्येक अणूचं 'लक्ष्य' किती मोठं, ते बार्न या एककात मोजतात. युरेनियम-२३५ चं लक्ष्य सुमारे ६८० बार्न आहे. त्यातल्या ५८३ बार्नमध्ये अणू फुटतो आणि उरलेल्या ९९ मध्ये न फुटता न्यूट्रॉन नुसता गिळतो. युरेनियम-२३८ चं लक्ष्य जेमतेम २.७ बार्न. लक्ष्य छोटं असलं तरी त्याचे अणू १४० पट जास्त आहेत, म्हणून त्याचा वाटा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आता समजा १०० मंद न्यूट्रॉन युरेनियममध्ये गिळले गेले. अणूंची संख्या गुणिले लक्ष्य असा हिशेब केला तर त्यातले ६५ युरेनियम-२३५ च्या वाट्याला येतात आणि ३५ युरेनियम-२३८ खातं. ६५ पैकी साधारण ५५ वेळा अणू फुटतो. दर वेळी सरासरी २.४३ नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात, म्हणजे १३५ झाले. नव्याने सुटलेले वेगवान न्यूट्रॉन पाण्यात शिरण्याआधी काही युरेनियम-२३८ चे अणूही फोडतात, त्यातून आणखी तीनेक टक्के मिळतात. एकूण १३९.

मुलांना फळ्यावर हा १३९ चा आकडा मोठा लिहून दाखवा. अणू फुटत राहण्याची साखळी टिकायची तर १३९ मधले निदान १०० मंद होऊन परत युरेनियमपर्यंत पोचले पाहिजेत. वाटेत ३९ पेक्षा जास्त हरवले तर साखळी विझते. भट्टीच्या भिंतीतून बाहेर निसटणारे, नळ्यांच्या धातूत अडकणारे, सगळे ह्याच ३९ मधून जायचे.

हरवण्याच्या मोठ्या जागा दोन. पहिली जागा मंद होतानाच्या वाटेवर आहे. फुटलेल्या अणूतून न्यूट्रॉन निघतो तेव्हा त्याची ऊर्जा सरासरी २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि त्याला ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरायचं असतं. ह्या उतरणीवर, काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून खाली, युरेनियम-२३८ चे सापळे लागतात, त्यांना आम्ही रेझोनन्स म्हणतो. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात घातक सापळा ६.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे. एरवी २.७ बार्न असणारं लक्ष्य तिथे एकदम हजारो बार्न होतं. न्यूट्रॉन नेमक्या त्या ऊर्जेला असताना युरेनियमला भेटला तर तो गेलाच. वाचायचं असेल तर तो युरेनियमपासून दूर, पाण्यातल्या पाण्यात असतानाच ह्या ऊर्जा ओलांडून खाली उतरला पाहिजे. त्यासाठी युरेनियमच्या प्रत्येक अणूमागे पुरेसं पाणी लागतं.

दुसरी जागा मंद झाल्यानंतरची. आता न्यूट्रॉन पाण्यात भटकत असतो आणि युरेनियमपर्यंत पोचण्याआधी पाण्याचाच अणू त्याला गिळू शकतो. इथे पाणी जितकं जास्त, तितका धोका जास्त.

म्हणजे पहिल्या ठिकाणी पाणी कमी पडलं तर मरण आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त झालं तर मरण. ह्या दोन्हींच्या मधे साखळी टिकेल अशी जागा सापडते का, एवढाच प्रश्न उरतो. साध्या पाण्यात ती सापडत नाही आणि जड पाण्यात प्रशस्त सापडते.

साध्या पाण्यापासून सुरू करू. कॅरममध्ये स्ट्रायकरऐवजी सोंगटीनेच सोंगटी मारली आणि टक्कर अगदी समोरासमोर बसली, तर मारणारी सोंगटी जागच्या जागी थांबते, कारण दोघींचं वजन सारखं आहे. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचा केंद्रक ह्यांचं तसंच आहे. सरासरीने अठराएक टकरांत न्यूट्रॉन २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून तळाला येतो. शिवाय हायड्रोजनचं टक्कर घेण्याचं लक्ष्यही मोठं आहे, सुमारे २० बार्न. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर पाण्याच्या एका रेणूची मंदावण्याची ताकद ४१ बार्न भरते. पण तोच हायड्रोजन मंद न्यूट्रॉनला ०.३३ बार्नने गिळतो. रेणूत दोन हायड्रोजन, म्हणजे एका रेणूमागे ०.६६ बार्न. ऑक्सिजनचं गिळणं नगण्य आहे.

एका युरेनियम अणूमागे पाण्याचे किती रेणू ठेवायचे, हा एकच आकडा आपल्या हातात आहे. तो बदलून पाहू. इंधन म्हणून साधारण दीड सेंटिमीटर जाडीच्या युरेनियम ऑक्साइडच्या कांड्या धरल्या आहेत. अशा कांडीत रेझोनन्सच्या सापळ्यांचं एकत्रित लक्ष्य १८ बार्नच्या आसपास येतं. सापळ्यांतून वाचणाऱ्यांचं प्रमाण आणि त्यानंतर पाण्यापासून वाचणाऱ्यांचं प्रमाण अशी दोन सूत्रं आहेत. n म्हणजे एका युरेनियम अणूमागचे पाण्याचे रेणू:

p = exp(−18 / (41·n))

f = 7.57 / (7.57 + 0.66·n)

७.५७ म्हणजे नैसर्गिक युरेनियमच्या एका अणूचं मंद न्यूट्रॉनसाठीचं सरासरी लक्ष्य, वर आपण ज्यातून ६५ आणि ३५ काढले तेच.

एक रेणू ठेवला तर १३९ पैकी फक्त ९० सापळ्यांतून वाचतात. पाणी थोडंच असल्यामुळे ते फार खात नाही, तरी शेवटी ८२ उरतात. दोन रेणू ठेवले तर सापळ्यांतून ११२ वाचतात आणि पाण्याने आपला वाटा घेतल्यावर ९५ उरतात. तीन रेणूंना सापळ्यांतून १२० वाचतात, पण आता पाणी जास्त खातं आणि पुन्हा ९५ च उरतात. पाच रेणूंना सापळ्यांतून चांगले १२७ सुटतात, आणि पाणी त्यातले जवळजवळ ३९ खाऊन टाकतं. उरतात ८८. पाणी आणखी वाढवत गेलात तर आकडा घसरतच जातो.

सगळ्यात वरचं टोक ९५-९६. शंभराच्या खाली. आणि हे भट्टी अमर्याद मोठी आहे, बाजूंनी एकही न्यूट्रॉन निसटत नाही असं धरून.

माझा हिशेब ढोबळ आहे हे लक्षात असू द्या. मी सगळीकडे न्यूट्रॉनची दाटी सारखी धरली आहे. खऱ्या रचनेत मंद न्यूट्रॉन पाण्यात दाट आणि कांडीच्या आत विरळ असतात, म्हणजे पाण्याला खायला आणखी वाव मिळतो. उलट ऑक्साइडऐवजी युरेनियम धातूच्या जाड कांड्या वापरल्या तर सापळ्यांतून थोडे जास्त वाचतात. असं सगळं जुळवून उत्तमातली उत्तम रचना केली तर शंभराच्या अगदी जवळ पोचता येतं, पण ओलांडता येत नाही. मुलांना एवढं नक्की सांगा की साधं पाणी फार थोडक्यात हुकतं. म्हणूनच युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७ वरून एक टक्क्याच्या आसपास नेलं की साध्या पाण्यातही साखळी टिकायला लागते. प्रत्यक्षातल्या भट्ट्या दोन ते पाच टक्के घेतात, कारण नळ्या, गळती आणि इंधन जळत जाण्यासाठीची पुंजी ह्या सगळ्यांची तरतूद करावी लागते. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अशाच, साधं पाणी आणि समृद्ध युरेनियम अशा जोडीच्या आहेत. नंतर त्याच आवारात उभ्या राहिलेल्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या मात्र कैगासारख्या, जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या.

आता जड पाणी. ड्यूटेरियमचा केंद्रक न्यूट्रॉनच्या दुप्पट वजनाचा, त्यामुळे दर टकरेला न्यूट्रॉन कमी ऊर्जा गमावतो. अठराच्या जागी पंचवीसेक टकरा लागतात. ड्यूटेरियमचं टक्कर घेण्याचं लक्ष्यही छोटं, साडेतीन बार्नच्या आत. त्यामुळे जड पाण्याच्या एका रेणूची मंदावण्याची ताकद ५.४ बार्न भरते, साध्या पाण्याच्या साडेसात पट कमी. इथपर्यंत तुमच्या विद्यार्थ्याचं म्हणणं खरं ठरतं.

मग गिळण्याचा आकडा बघा. ड्यूटेरियमचा ०.०००५ बार्न. जड पाण्याचा पूर्ण रेणू, ऑक्सिजनसकट, ०.००१२ बार्न. साध्या पाण्याच्या साडेपाचशे पट कमी! मंदावण्यात साडेसात पट उणं आणि गिळण्यात साडेपाचशे पट उणं, हा सौदा कधीही परवडतो. मंदावण्याला गिळण्याने भागलं तर साधं पाणी साठ-सत्तरच्या घरात येतं आणि शुद्ध जड पाणी काही हजारांच्या.

ड्यूटेरियम एवढं अलिप्त का? 'त्याच्या पोटात न्यूट्रॉन आधीच आहे, आता जागा नाही' असं उत्तर वर्गात सहज दिलं जातं. ते देऊ नका, चुकीचं आहे. प्रोटॉन न्यूट्रॉन पकडतो तेव्हा २.२ एमईव्हीचा, म्हणजे २२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण बाहेर पडतो. ड्यूटेरियम न्यूट्रॉन पकडून ट्रिटियम बनतं तेव्हा ६.३ एमईव्ही बाहेर पडतात. ऊर्जेच्या दृष्टीने बघितलं तर ड्यूटेरियमला पकडण्यात जास्तच फायदा आहे. आडवा येतो तो गॅमा बाहेर पडण्याचा मार्ग. मंद न्यूट्रॉन आणि प्रोटॉन ह्यांच्या स्पिनची मांडणी पकडताना पालटते आणि त्यातून चुंबकीय प्रकारचा गॅमा सुटतो. प्रोटॉनला हा मार्ग मोकळा आहे. ड्यूटेरॉनच्या बाबतीत पकडण्याआधीची आणि नंतरची अवस्था अशा आहेत की तोच मार्ग जवळजवळ बंद होतो. पूर्ण बंद होत नाही, म्हणून जड पाण्याच्या भट्टीत थोडं थोडं ट्रिटियम साठत जातं आणि त्याची काळजी घ्यावी लागते.

आता तोच हिशेब, त्याच कांड्या, फक्त पाणी बदललेलं. पहिल्याच पायरीला मुलांना धक्का बसेल. एका युरेनियम अणूमागे जड पाण्याचे तीन रेणू ठेवले, म्हणजे साध्या पाण्याला जी रचना सगळ्यात मानवली तीच, तर १३९ पैकी जेमतेम ४६ सापळ्यांतून वाचतात. साध्या पाण्याच्या ९५ च्या निम्म्यानेही नाही. भट्टीची रचना तशीच ठेवून नुसतं पाणी बदललं तर जड पाणी साध्या पाण्याहून कितीतरी वाईट ठरतं.

जड पाण्याचा गुण आपल्याला खुलं रान देण्यात आहे. ते खात नाही, म्हणून हवं तेवढं घालता येतं. वीस रेणू ठेवा. मंदावण्याची एकूण ताकद आता २० गुणिले ५.४, म्हणजे १०८ बार्न झाली. साध्या पाण्याच्या अडीच रेणूंएवढी. सापळ्यांतून ११८ वाचतात. आणि पाणी खातं किती? वीस रेणू मिळूनही एकच! ११७ उरतात. शंभर ओलांडले, वर सतरा शिल्लक.

वीस हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. कैगाच्या २२० मेगावॅटच्या भट्टीत कॅलंड्रिया नावाची आडवी टाकी असते, तिच्यातून ३०६ नळ्या आरपार जातात आणि दोन शेजारच्या नळ्यांच्या मध्यांत २२.८६ सेंटिमीटर अंतर असतं. प्रत्येक नळीत इंधनाचे गठ्ठे एकापुढे एक ठेवलेले असतात. एक गठ्ठा अर्धा मीटर लांब, त्यात एकोणीस कांड्या. आता एका नळीच्या वाट्याचा चौकोन काढा: २२.८६ चा वर्ग, साधारण ५२३ चौरस सेंटिमीटर. त्यातून बाहेरच्या नळीचं वर्तुळ, सुमारे ९५, वजा करा. मॉडरेटरला ४२८ उरले. एकोणीस कांड्यांतल्या युरेनियम ऑक्साइडचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ३१. म्हणजे इंधनाच्या चौदा पट जड पाणी. दोघांच्या घनतेचा हिशेब धरला की एका युरेनियम अणूमागे जड पाण्याचे साधारण वीस रेणू येतात. मुलांना कागदावर चौकोन आणि त्यात वर्तुळ काढायला लावा, दहा मिनिटांत होतं. नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्या आकाराने एवढ्या मोठ्या का असतात आणि कांड्यांचे झुपके एकमेकांपासून इतके लांब का ठेवतात, ह्याचं उत्तर त्या चित्रात आहे.

सतरा शिल्लक ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यातून नळ्यांच्या झिर्कोनियमचा वाटा जातो. बाजूंनी निसटणारे जातात. इंधन तापलं की रेझोनन्सचे सापळे रुंदावतात, त्यात काही जातात. भट्टी चालू झाल्यावर झेनॉन-१३५ साठतं, ते तीनेक घेतं. हातात उरतात ते मोजके, आणि इंधन जळत जाईल तसे तेही कमी होत जातात. नव्याने तयार होणारं प्लुटोनियम थोडी भरपाई करतं, पण पूर्ण नाही. म्हणूनच ह्या भट्टीत वर्षातून एकदा बंद करून इंधन बदलण्याची सोय चालत नाही. भट्टी पूर्ण ताकदीवर असतानाच दोन्ही टोकांना यंत्रं लावून एकेका नळीतले जुने गठ्ठे काढायचे आणि नवे सारायचे, हे काम कायम चालू असतं.

इतक्या काठावरच्या हिशेबात जड पाणी किती शुद्ध हवं, ह्याबद्दल मी जरा थांबून सांगतो, कारण माझी निम्मी नोकरी ह्याच भोवती फिरली. भट्टीच्या मॉडरेटरमधलं जड पाणी ९९.७५ टक्क्यांहून शुद्ध ठेवतात. उरलेलं पाव टक्का साधं पाणी. पाव टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल. वीस रेणूंचा हिशेब करा. निखळ जड पाण्याचे वीस रेणू ०.०२४ बार्न गिळतात. त्यात मिसळलेलं पाव टक्का साधं पाणी एकटंच ०.०३३ बार्न गिळतं. चारशे रेणूंतला एक रेणू उरलेल्या ३९९ पेक्षा जास्त न्यूट्रॉन खातो! वर 'एकच न्यूट्रॉन खाल्ला' असं मी म्हणालो, त्यातला निम्म्याहून जास्त दोष ह्या पाव टक्क्याचा आहे.

शुद्धता आणखी एक टक्का घसरली तर माझ्या ढोबळ हिशेबाने दोन न्यूट्रॉन जातात. प्रत्यक्षात मॉडरेटरमध्ये न्यूट्रॉनची दाटी जास्त असल्यामुळे तीनच्या वर जातात. हातातल्या मोजक्यांपैकी तीन गेले की भट्टी चालवणं अशक्य होतं. म्हणून एक टक्का सोडाच, ०.१ टक्का घसरण झाली तरी धावपळ सुरू व्हायची.

घसरण कशी कळते? भट्टीची ताकद ठरल्या ठिकाणी ठेवायला नियंत्रणाच्या कांड्या आपोआप आतबाहेर होत असतात. न्यूट्रॉन कमी पडू लागले की त्या सरासरीने हळूहळू बाहेर सरकायला लागतात, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेगाने नवं इंधन भरावं लागतं. पण ही खूण एकट्या शुद्धतेची नाही. मॉडरेटरमध्ये न्यूट्रॉन गिळणारं बोरॉन राहून गेलं असेल तरी हेच दिसतं. म्हणून पाण्याचा नमुना घेऊन दोन्ही तपासतात. साध्या पाण्याचं प्रमाण इन्फ्रारेड यंत्रावर कळतं. जड पाण्यात साधं पाणी मिसळलं की एक हायड्रोजन आणि एक ड्यूटेरियम असलेले रेणू तयार होतात आणि ते इन्फ्रारेडचा ठराविक पट्टा शोषतात. पट्ट्याची खोली मोजली की टक्केवारी मिळते. बोरॉनचं मोजमाप वेगळं.

साधं पाणी शिरतं कुठून? दोन वाटा सांगतो. पहिली वाट हवेची, आणि ती आपल्या कोकणपट्टीतल्या माणसाला समजावून सांगायला नको. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की गोव्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. जड पाणी उघड्या हवेला लागलं की त्याचं ड्यूटेरियम आणि हवेतल्या बाष्पाचा हायड्रोजन ह्यांची अदलाबदल सुरू होते. म्हणून कॅलंड्रियातल्या पाण्यावर हवा येऊ देत नाहीत, वर हेलियम वायू असतो. इमारतीत झिरपून उडालेलं जड पाणी ड्रायर लावून परत गोळा करतात. तेही पावसाळ्यात जास्त पातळ निघतं, कारण त्यात काली नदीच्या खोऱ्यातलं बाष्पही उतरलेलं असतं. ते तसंच भट्टीत ओतता येत नाही. आधी उंच स्तंभांत ऊर्ध्वपातन करून पुन्हा शुद्ध करावं लागतं.

दुसरी वाट फसवी. मॉडरेटर स्वच्छ ठेवायला ते आयन-एक्स्चेंज रेझिनच्या थरातून फिरवतात. नवं रेझिन कारखान्यातून येतं ते साध्या पाण्याने भिजलेलं, आणि त्याच्या रेणूंवरही हायड्रोजन असतो. ते तसंच लावलं तर शुद्धीकरणाच्या नावाखाली आपणच भट्टीत साधं पाणी सोडतो. म्हणून आधी त्यातून जड पाणी सावकाश सोडून हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवून घेतात. बाहेर येणाऱ्या पाण्याची शुद्धता तपासल्याशिवाय ते रेझिन वापरात आणत नाहीत.

एवढी मेहनत का, ते जड पाणी बनतं कसं हे पाहिलं की पटतं. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या साडेसहा हजार अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. तो वेचून वेचून ९९.८ टक्क्यांपर्यंत न्यायचा. अलिबागजवळ थळला हे काम शेजारच्या खत कारखान्याच्या वायूतून, अमोनिया आणि हायड्रोजन ह्यांच्यात ड्यूटेरियमची अदलाबदल घडवून होतं. तरीही एकदा बनवलं की जड पाणी भट्टीत खर्च होत नाही, फक्त गळती आणि मिसळ सांभाळायची. युरेनियम समृद्ध करण्याचं काम मात्र इंधनाच्या प्रत्येक भरतीला पुन्हा करावं लागतं. ज्या देशाकडे समृद्धीकरणाचे कारखाने नव्हते त्यांनी, म्हणजे आधी कॅनडाने आणि मग आपण, ही वाट धरली ती ह्याच कारणाने.

तुमचा विद्यार्थी हुशार दिसतो. तो पुढे नक्की विचारेल, की मग साध्या पाण्याचा एक थेंबही चालत नाही का? चालतो, थोडा चालतो. ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीत, जी १९६० साली सुरू झाली, इंधन नैसर्गिक युरेनियम धातूचं होतं, मॉडरेटर जड पाण्याचा, पण इंधन थंड करणारं पाणी साधंच होतं. मंदावण्याचं काम भोवतालचं जड पाणी करत होतं. साधं पाणी फक्त कांडीभोवतीच्या पातळ फटीतून वाहत होतं, म्हणून त्याचं खाणं ३९ च्या अंदाजपत्रकात बसलं. कैगात थंड करणारं पाणीही जडच आहे, कारण तिथे ते नळीत जास्त जागा व्यापतं.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी. 'नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात चालत नाही' हे विधान आजच्या युरेनियमपुरतं खरं आहे. युरेनियम-२३५ हे युरेनियम-२३८ पेक्षा लवकर क्षय पावतं, म्हणून मागे जाऊ तसं त्याचं प्रमाण वाढत जातं. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी ते तीन टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे आजच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांच्या इंधनासारखं. १९७२ साली आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लोच्या खाणीतल्या खनिजात युरेनियम-२३५ किंचित कमी भरलं आणि शोध घेतल्यावर कळलं की तिथे त्या काळी जमिनीतल्या साध्या पाण्याने मंदावलेली साखळी खरोखर चालली होती. आपल्याच सूत्रांत तीन टक्के घालून बघा. १३९ च्या जागी १९० येतात, आणि तीन रेणू साधं पाणी ठेवून शेवटी ९५ ऐवजी १५० उरतात. खडकातल्या बाकीच्या मूलद्रव्यांनी आपला वाटा घेतल्यावरही शंभर गाठायला तेवढे पुरले.